कर्व्ह करून पाठवा, पण कॉपीच

महाराष्ट्रात कुठल्याही प्रेसमध्ये फाईल पाठवा, पुण्यातली असो, कोल्हापुरातली असो नाहीतर तालुक्याच्या गावातली, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "फाईल कर्व्ह करून पाठवा". कोरलमध्ये काम करणारे Ctrl+Q दाबतात, इलस्ट्रेटरवाले Shift+Ctrl+O, आणि त्या क्षणी पानावरचा मजकूर मजकूर राहत नाही, त्याचे आकार होतात. "शुभविवाह" हा शब्द तुम्हाला तसाच दिसतो पण कॉम्प्युटरला त्यात श नाही, भ नाही, नुसत्या वळणदार रेषांनी वेढलेले काळे तुकडे आहेत. मला या सवयीबद्दल बरंच बोलायचंय कारण मी रोज हेच काम करते, आणि मला असं वाटतं की आपल्याकडे कर्व्ह करायचं कारणही खरं आहे आणि त्यानं होणारं नुकसानही खरं आहे, पण नुकसानाबद्दल कुणी बोलतच नाही.

आधी कारण. मराठी डीटीपीचं अर्ध्याहून जास्त आयुष्य युनिकोडशिवाय गेलंय. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम, या सगळ्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची, म्हणजे फाईलमध्ये प्रत्यक्षात साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी आपलं क किंवा मात्रा दाखवतो. फॉन्ट असेल तोपर्यंत सगळं ठीक. तो नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की पत्रिकेवर डॉलर, टक्के, कंस, उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं. त्यात या कंपन्यांची रचना एकमेकांशी जुळत नाही, कधी कधी एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीचीही नाही, त्यामुळे "आमच्याकडे श्रीलिपी आहे" असं प्रेसवाल्यानं सांगितलं तरी भरवसा नसतो. अशा वेळी कर्व्ह करून पाठवणं हा एकच खात्रीचा रस्ता होता आणि ज्यांनी ती शिस्त लावली त्यांनी हजारो पत्रिका वाचवल्यात, हे मी मनापासून म्हणते.

युनिकोड आल्यावर अडचण गेली नाही, वेगळी झाली. युनिकोडमध्ये "किती" हा शब्द क, मग ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग दीर्घ वेलांटी असा साठवलेला असतो आणि वेलांटी क च्या आधी नेऊन दाखवणं, जोडाक्षरं जुळवणं, रफार वर चढवणं हे सगळं काम सॉफ्टवेअरनं फॉन्टमधल्या सूचना वाचून करायचं असतं. जुन्या कोरलला हे जमत नाही. इलस्ट्रेटरला जमतं पण परिच्छेदाला बरोबर कंपोजर लावलेला असेल तरच, नाहीतर वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षराचे पाय मोडके हलन्त दिसतात. म्हणजे प्रेसकडे तोच फॉन्ट असला तरी त्यांची कोरलची आवृत्ती जुनी असेल तर मजकूर मोडणारच, आणि प्रेसमध्ये जुनी आवृत्ती असतेच, कित्येक जण अजून "तेरा व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या" म्हणतात. कर्व्ह केलेल्या फाईलला हा धोका नाही, तुमच्या स्क्रीनवर जो आकार होता तोच तिकडे.

आता दुसरी बाजू, आणि ती मी एका पत्रिकेच्या गोष्टीतनं सांगते कारण तिच्यात जवळजवळ सगळं एकत्र आलं होतं.

ओळखीतल्या एका घरची लग्नपत्रिका, मुलीकडची मंडळी कऱ्हाडची. फाईल दुसऱ्या कुणीतरी केलेली, कर्व्ह करून प्रेसला गेलेली, प्लेट निघायच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींनी मुहूर्त पुन्हा तपासला आणि १२ वाजून २३ मिनिटांचा १२ वाजून ३७ मिनिटं झाला. ज्यानं डिझाईन केलं त्याचा फोन लागेना आणि मजकूर असलेली मूळ फाईल त्याच्याशिवाय कुणाकडेच नव्हती. प्रेसमधल्या ऑपरेटर दादांनी पहिला प्रयत्न केलाच होता, असे प्रयत्न प्रत्येक ऑपरेटर करतो. ३ तर शेजारीच होता, तो उचलला. पण ७ कुठनं आणायचा? खाली फोन नंबरात एक ७ होता, तो कॉपी करून मोठा केला. मुहूर्ताची ओळ होती बोल्डमध्ये आणि फोन नंबर होता लाईटमध्ये, त्यामुळे मोठा केलेला ७ शेजारच्या ३ पुढे उपाशी दिसायला लागला, म्हणून त्यांनी त्याला बाहेरनं काळी आउटलाईन दिली, तर त्याची टोकं गोल झाली आणि आतला डोळा बुजला. मग मला फोन आला, "ताई, फाईल कर्व्ह आहे, काय करू सांगा."

मी घरच्यांकडनं पीडीएफ मागवून घेतली. एकेक अंक दुरुस्त करत बसण्यापेक्षा अख्खी ओळ नव्यानं टाईप करणं केव्हाही बरं, पण त्यासाठी फॉन्ट ओळखावा लागतो आणि नुसता ओळखून भागत नाही. मी अंदाजानं फॉन्ट लावून "मिनिटांनी" हा शब्द टाईप केला, लाल रंगात, आणि जुन्या कर्व्हच्या वर ठेवला. शब्द लांब घ्यायचा, म्हणजे फरक कुठे साठतो ते दिसतं. उंची जुळत होती, पण माझा शब्द शेवटाला जात जात बाहेर निघत होता, प्रत्येक अक्षरागणिक थोडा थोडा. म्हणजे मूळ डिझायनरनं ओळ चौकटीत बसावी म्हणून अक्षरं आडवी दाबली होती. रुंदी ९४ टक्क्यांवर आणली तेव्हा लाल काळ्याखाली पूर्ण लपला. मग ती पूर्ण ओळ टाईप केली, ३७ घातले, आणि त्यांच्या फाईलमध्ये बसवून दिली. मजकूर असलेल्या फाईलमध्ये हे दोन अंक बदलायला दहा सेकंद लागली असती.

पण त्यापेक्षा जास्त त्रास मला दुसऱ्याच गोष्टीचा झाला. ओळ जुळवताना पत्त्यावर नजर गेली तर तिथे "कर्हाड" छापलं जाणार होतं, ह च्या डोक्यावर रफार. घरच्यांनी व्हॉट्सॲपवर नीट "कऱ्हाड" पाठवलं होतं. अर्ध्या र चं ते चंद्रकोरीसारखं रूप हिंदीत लागत नाही, आपल्याला लागतं, आणि काही कीबोर्ड ते र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह अशा पद्धतीनं लिहितात. ते न दिसणारं चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये गळून पडलं की उरतो साधा रफार. आचाऱ्यांना आणि आचार्यांना, दऱ्या आणि दर्या यात आपल्याकडे अर्थच बदलतो. आता मजकूर जर मजकूरच असता तर "र्ह" शोधून एका झटक्यात सगळ्या जागा सापडल्या असत्या, शुद्धलेखन तपासता आलं असतं, प्रूफ वाचणाऱ्याला मजकूर काढून देता आला असता. कर्व्ह झालेल्या फाईलमध्ये शोधायला काही उरलेलंच नसतं, डोळ्यांनी वाचायचं, बस. लोकांना वाटतं की कर्व्ह केलं म्हणजे फाईल सुरक्षित झाली, पण कर्व्ह फक्त आकार गोठवतो, तो आकार चुकीचा असेल तर चूकही तितकीच पक्की गोठते.

छपाईत काय फरक पडतो, याबद्दल खूप गैरसमज आहेत. कुणी म्हणतं कर्व्ह केलं की अक्षर जाड होतं, कुणी म्हणतं काही होत नाही, आणि दोघंही आपापल्या मशीनपुरते बरोबर असतात. पीडीएफमधला फॉन्ट रंगवताना मशीन एक नियम लावतं आणि साध्या आकारांना दुसरा. आकाराची कड एखाद्या ठिपक्याला नुसती चाटून गेली तरी तो पूर्ण ठिपका रंगवायचा, असा आकारांचा नियम आहे. फॉन्टमधल्या अक्षरासाठी मात्र वेगळी, जास्त काळजीपूर्वक पद्धत असते, शिवाय बऱ्याच फॉन्टमध्ये रेघा ठिपक्यांवर नीट बसाव्यात म्हणून सूचना असतात ज्यांना हिंटिंग म्हणतात, आणि कर्व्ह केलं की त्या सगळ्या जातात.

आता हिशोब करून बघू. ८ पॉइंटचं अक्षर म्हणजे जेमतेम २.८ मिलिमीटर. हलक्या वजनाच्या फॉन्टमध्ये त्याची उभी रेघ साधारण ०.१७ मिलिमीटरची भरते. ६०० डीपीआयच्या डिजिटल प्रिंटरवर एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा, म्हणजे ती रेघ चार ठिपक्यांची. कर्व्हमुळे एक ठिपका जास्त लागला तर रेघ थेट चतुर्थांशानं जाड. ऑफसेटची प्लेट २४०० डीपीआयला निघते, तिथे तीच रेघ सोळा ठिपक्यांची, एक वाढला तरी सहा टक्के, कुणाला कळणारही नाही. म्हणून ऑफसेटवाला म्हणतो फरक पडत नाही आणि डिजिटलवाल्याकडे पन्नास व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली की पत्ता ठसठशीत, जरा बुजल्यासारखा येतो.

देवनागरीला हे इंग्रजीपेक्षा जास्त बोचतं. आपल्याकडे ध आणि घ, भ आणि म यांच्यात वरची रेघ तुटलेली आहे की सलग, हाच मोठा आधार असतो, आणि ती फट बारीक अक्षरात एखाददोन ठिपक्यांची उरते. दोन्ही कडा एकेक ठिपका आत सरकल्या की फट बंद, आणि "धनश्री" वाचताना डोळा अडखळतो. त्यामुळे डिजिटलवर बारीक मराठी मजकूर कर्व्ह करून द्यायचाच असेल तर मी एक वजन हलकं धरत नाही, उलट रेग्युलर घेते पण आकार ९ च्या खाली जाऊ देत नाही, आणि एक प्रत छापून ध, भ, थ असलेले शब्द हातात घेऊन बघते. स्क्रीनवर बघून हे ठरत नाही. स्क्रीनवर कर्व्ह तसेही जाड दिसतात, ऑफसेटला जाणार असतील तरी, त्यामुळे उगाच घाबरून फॉन्ट बदलू नका.

यातलाच एक प्रकार पुष्कळांना कोड्यात टाकतो, एकाच पानावर अर्धा मजकूर जाड आणि अर्धा बारीक. बहुतेक वेळा कारण ट्रान्सपरन्सी असतं. सावली किंवा फिकट होत जाणारं चित्र मजकुराच्या वर आलं, आणि पीडीएफ जुन्या पद्धतीनं सपाट करून काढली, तर त्या चित्राखाली आलेला मजकूर सॉफ्टवेअर आपणहून आकारांमध्ये बदलतं आणि बाकीचा मजकूर फॉन्टच राहतो. सगळा मजकूर सगळ्यात वरच्या लेयरवर ठेवला की हे टळतं.

आणि शिरोरेषा! कोरलमध्ये शब्द कर्व्ह केला तरी आपली अक्षरं एकमेकांवर किंचित चढलेलीच असतात, कारण फॉन्ट करणारे सांधा दिसू नये म्हणून वरची रेघ थोडी पुढे काढतात. छपाईत ते लपून जातं. पण तोच कर्व्ह दुकानाच्या पाटीसाठी रेडियम कटिंगला दिला तर मशीन प्रत्येक आकाराची कड कापतं, म्हणजे शब्दाच्या डोक्यावरची सलग रेघ प्रत्येक अक्षरापाशी चिरली जाते, आणि उन्हापावसात तिथनंच ती उचकटायला लागते. कधी कधी छपाईच्या फाईलमध्येही सगळी अक्षरं एकत्र कम्बाईन केली की चढलेल्या जागा पांढऱ्या पडतात, शिरोरेषेवर बारीक पांढरे चौकोन दिसले तर समजायचं की हेच झालंय. कटिंगसाठी कर्व्हनंतर वेल्ड करायलाच हवं, म्हणजे चढलेली अक्षरं जोडून एकच आकार होतो, आणि वेल्ड केल्यावर व, ब, ध यांच्या पोकळ्या शाबूत आहेत ना हे मोठं करून बघायचं.

मग करायचं काय? मी जे करते ते सांगते. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, पाटी, लोगो, जिथे मजकूर थोडा आणि प्रेस ओपन फाईलच मागते, तिथे कर्व्ह. पण आधी मजकूर वाचून घरच्यांची लेखी संमती, मग सेव्ह, मग नव्या नावानं कॉपी, नावातच "कर्व्ह" लिहायचं, आणि फक्त ती कॉपी कर्व्ह करायची. मूळ फाईलला हात नाही. कोरलमध्ये तर पीडीएफ काढतानाच `Export all text as curves` हा पर्याय आहे, तो लावला की पीडीएफ कर्व्ह होते आणि सीडीआरमधला मजकूर जसाच्या तसा राहतो, हे माहीत नसलेले कितीतरी जण भेटतात.

कर्व्ह झालं की नाही हे तपासणंही महत्त्वाचं आहे, कारण Ctrl+A करून Ctrl+Q दाबलं म्हणजे सगळं झालं असं नसतं. लॉक केलेला मजकूर तसाच राहतो, पॉवरक्लिपच्या आतला राहतो, दुसऱ्या पानावरचा राहतो. कोरलमध्ये `Document Properties` उघडून फॉन्टची नावं दिसतात का बघायचं, एकही दिसायला नको. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅटमध्ये Ctrl+D, तिथे `Fonts` चा टॅब, कर्व्ह फाईलमध्ये ती यादी रिकामी असते. आणि आकार बदलले नाहीत ना यासाठी मी आधीची पीडीएफ लाल करून खाली ठेवते, कर्व्हची वर, कुठे लाल डोकावलं की तिथे काहीतरी सरकलंय. इनडिझाईनमध्ये मजकूर थेट आउटलाईन म्हणजे कर्व्ह करणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, तिथे बुलेट, आपोआप येणारे क्रमांक, शब्दाखालच्या रेघा गायब होतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण पुस्तक, दिवाळी अंक, संस्थेची स्मरणिका, जिथे पानंच्या पानं मजकूर आहे, तिथे मी कर्व्हला स्पष्ट नाही म्हणते. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करता येतो, म्हणजे जितकी अक्षरं वापरली तितकी फॉन्टमधनं उचलून फाईलच्या आतच ठेवली जातात. तुमच्याकडे जुळवणी होऊन कुठल्या जागी कुठलं जोडाक्षर हे आधीच ठरलेलं असतं, प्रेसच्या मशीनला देवनागरी येण्याची गरजच पडत नाही, त्यामुळे वेलांटी मागे जाण्याचा प्रश्न मिटतो. छपाईसाठी ठरवलेला PDF/X-1a हा नमुना २००१ पासून आहे आणि त्यात सगळे फॉन्ट आत असलेच पाहिजेत ही अट आहे. वर सांगितलेल्या त्याच `Fonts` च्या टॅबमध्ये प्रत्येक नावापुढे `Embedded Subset` किंवा `Embedded` दिसलं की झालं. एका जरी नावापुढे ते नसेल तर फाईल पाठवायची नाही. दोनशे पानांचा अंक कर्व्ह केला तर प्रत्येक क चा आकार पुन्हा पुन्हा साठवला जातो, फाईल फुगते, प्लेटच्या मशीनला ती पचवायला वेळ लागतो, आणि वर बारीक मजकूर जाड होण्याची भीती आहेच.

एक अडचण राहते, काही विकतच्या फॉन्टना एम्बेड करायची परवानगीच नसते, आणि मग कर्व्हशिवाय इलाज नाही, तोही लायसन्समध्ये बसतो का ते वाचून. फॉन्टची फाईलच प्रेसला मेल करून देण्याचा जो सर्रास रिवाज आहे तो मात्र बहुतेक लायसन्समध्ये बसत नाही. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी असे ओपन लायसन्सचे फॉन्ट वापरले तर हा प्रश्नच येत नाही, एम्बेड करा, प्रेसला फॉन्ट द्या, सगळं चालतं.

प्रेसवाल्यांशी यावर बोलताना मी वाद घालत नाही कारण त्यांचे हात पोळलेले आहेत आणि रात्री बारा वाजता मोडलेली फाईल त्यांनाच निस्तरावी लागते. मी त्यांना एकच पान पाठवते, एम्बेड केलेली पीडीएफ, त्यात मुद्दाम "कऱ्हाड", "किती", "विद्यार्थी", "शृंगार", "धनश्री" असे शब्द ८ आणि १० पॉइंटमध्ये, आणि म्हणते याची एक प्रत तुमच्या मशीनवर काढून फोटो टाका. ते पान नीट आलं तर पुस्तक तसंच जातं, आणि नाही आलं तर ॲक्रोबॅट प्रोच्या प्रीफ्लाईटमध्ये `Convert fonts to outlines` आहे, त्यातनं पीडीएफचीच कर्व्ह कॉपी काढून देते, इनडिझाईनच्या फाईलला धक्का न लावता. एका प्रेसमध्ये पहिल्यांदा "कर्व्हच पाहिजे" म्हणणारे दादा आता मलाच विचारतात, ताई, फॉन्ट आत आहेत ना, मग कर्व्ह कशाला?